पाचवीतील अपूर्ण वही: नियोजन, आवर आणि लवचिकता यांपैकी नेमके काय अडते?

प्रश्न: माझा मुलगा साडेदहा वर्षांचा आहे. यंदा पाचवीसाठी नव्या सेमी इंग्रजी शाळेत घातलं. चौथीपर्यंत काही तक्रार नव्हती. आता वह्या अपूर्ण असतात, गृहपाठ डायरीत उतरवलेला नसतो, घटक चाचणीत शेवटचे प्रश्न कोरे राहतात. तोंडी विचारलं तर सगळं येतं. बाई म्हणतात, हुशार आहे पण निष्काळजी आहे. शाळेच्या समुपदेशक म्हणाल्या, ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ तपासून घ्या. म्हणजे नक्की काय? हे वयाचं आहे की खरंच अडचण आहे, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

तोंडी सगळे येते आणि वहीत ते उतरत नाही, ही जी तफावत आपण सांगितली आहे, तीच माझ्या दृष्टीने या सगळ्यातील सर्वांत उपयोगी माहिती आहे. एक्झिक्युटिव्ह फंक्शन, म्हणजे कार्यकारी क्षमता, हे ज्ञान नव्हे. जे येते ते योग्य वेळी, योग्य क्रमाने आणि आजूबाजूला लक्ष वेधणाऱ्या गोष्टी चालू असताना प्रत्यक्षात आणण्यासाठी मेंदू ज्या क्षमता वापरतो, त्यांना मिळून हे नाव आहे. त्यामुळे ‘कार्यकारी क्षमतांत अडचण आहे’ एवढे म्हणणे हे निदान ठरत नाही आणि त्यातून उपायही निघत नाही. अपूर्ण वही किमान तीन वेगवेगळ्या कारणांनी अपूर्ण राहू शकते. त्यांपैकी आपल्या मुलाचे कारण कोणते हे शोधणे हेच खरे काम आहे, आणि त्याचा बराचसा भाग कोणत्याही चाचणीआधी घरी व वर्गात होऊ शकतो.

अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या अभ्यासापासून या क्षमतांचे तीन मूलभूत घटक मानण्याची पद्धत रूढ झाली. मनात आलेल्या पहिल्या प्रतिक्रियेला आवर घालणे हा पहिला. काम चालू असताना लागणारी माहिती मनात धरून ठेवणे व बदलत राहणे, म्हणजे कार्यरत स्मृती, हा दुसरा. आणि नियम किंवा परिस्थिती बदलली की विचाराची दिशा बदलणे, म्हणजे लवचिकता, हा तिसरा. नियोजन ही या तिन्हींच्या आधाराने उभी राहणारी, अधिक गुंतागुंतीची क्षमता आहे. हे घटक एकमेकांशी निगडित असले तरी एकच नाहीत, आणि म्हणूनच एखादे मूल एकात चांगले व दुसऱ्यात मागे असू शकते.

माहीत असणे आणि करता येणे यांतील अंतर किती खरे असते, हे फिलिप झेलाझो यांच्या पत्ते लावण्याच्या प्रयोगात फार स्पष्ट दिसते. लहान मुलांना लाल-निळ्या रंगांचे आणि दोन वेगवेगळ्या चित्रांचे पत्ते देऊन आधी रंगानुसार लावायला सांगतात आणि थोड्या वेळाने चित्रानुसार लावायला सांगतात. तीन वर्षांची बहुतेक मुले रंगानुसारच लावत राहतात. त्यांना मध्येच थांबवून नवा नियम विचारला तर ती तो बरोबर सांगतात आणि लगेच पुढचा पत्ता पुन्हा जुन्याच नियमाने ठेवतात. पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना हा बदल जमू लागतो. या मुलांना कोणी निष्काळजी म्हणणार नाही, कारण त्यांचे वय आपल्याला दिसत असते. साडेदहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र ‘सांगता येते म्हणजे करता यायलाच हवे’ असे आपण धरून चालतो. ‘निष्काळजी’ हा शब्द माझ्या मते तिथूनच येतो.

वयाची अपेक्षा ठरवताना हे लक्षात घ्यावे की या क्षमता एकाच वेगाने वाढत नाहीत. आवर घालण्याची क्षमता तीन ते सात या वर्षांत झपाट्याने वाढते. लवचिकता प्राथमिक शाळेच्या काळात हळूहळू पक्की होत जाते. नियोजन तर पौगंडावस्थेतही सुधारत राहते आणि त्याच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. म्हणून पाचवीतील मुलाकडून एका बैठकीत संपणारे, तीन-चार पायऱ्यांचे काम एखाद्या वेळी आठवण करून दिल्यावर पूर्ण व्हावे, ही अपेक्षा वाजवी आहे. शुक्रवारी द्यायच्या प्रकल्पाची तयारी त्याने सोमवारपासून स्वतः आखावी, ही अपेक्षा वाजवी नाही. प्रकल्पाची आठवण आदल्या रात्री होणे हे या वयात एकट्याने अडचणीचे लक्षण ठरत नाही. वर्गातील बहुतेक मुलांचा गृहपाठ डायरीत असतो आणि याचा आठवड्यातून तीन-चार वेळा नसतो, हे मात्र नोंद घेण्यासारखे आहे.

ही अडचण पाचवीतच का दिसू लागली, याचे उत्तर बरेचसे शाळेच्या रचनेत आहे. आपल्याकडे चौथीपर्यंत बहुधा एकच वर्गशिक्षिका बहुतेक विषय शिकवतात. वही काढा, तारीख लिहा, झाले का सगळ्यांचे, आता डायरी काढा, हे त्या दिवसभर बोलत असतात. म्हणजे मुलांच्या वतीने नियोजनाचा मोठा भाग त्याच पार पाडत असतात. पाचवीत विषयवार शिक्षक येतात, तासिका बदलते तशी वही, अपेक्षा आणि लिहिण्याची पद्धत बदलते, आणि गृहपाठ बहुधा घंटा वाजता वाजता सांगितला जातो. आपल्या मुलाची शाळाही नवी आहे. तेव्हा दोन शक्यता उरतात. एक तर बाहेरून मिळणारा आधार गेल्यामुळे आधीपासून असलेली अडचण उघडी पडली आहे, किंवा एकदम वाढलेला भार अजून अंगवळणी पडलेला नाही. दुसऱ्या शक्यतेत दोन-तीन महिन्यांत चित्र सुधारू लागते. पहिल्यात ते तसेच राहते किंवा अभ्यास वाढेल तसे बिघडते.

सेमी इंग्रजीमुळे आणखी एक गोष्ट तपासावी लागते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाल्यावर सूचना समजण्यातच मुलाची शक्ती खर्च होते आणि बाहेरून ते विसरभोळेपणासारखे दिसते. गणितातील तीन पायऱ्यांची सूचना त्याला एकदा इंग्रजीतून आणि दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी सूचना मराठीतून द्यावी. मराठीत तो तिन्ही पायऱ्या करत असेल आणि इंग्रजीत पहिल्याच पायरीवर थांबत असेल, तर आधी भाषेकडे पाहावे. इतिहास-भूगोल आणि मराठीच्या वह्याही गणिताइतक्याच अपूर्ण असतील, तर भाषा हे मुख्य कारण नव्हे.

आता वहीकडे वळू. किती चुकले यापेक्षा कुठे चुकले हे पाहावे.

आवर घालण्यात अडचण असेल तर चुका तिथे होतात, जिथे प्रश्न पाहताच एखादे उत्तर आपोआप पुढे येते आणि ते चुकीचे असते. समजा, असे उदाहरण आहे: ‘रमाकडे १५ पेन्सिली आहेत. त्या सीमाच्या पेन्सिलींपेक्षा ४ ने जास्त आहेत. तर सीमाकडे किती?’ ‘जास्त’ हा शब्द दिसताच बेरीज करायची सवय झालेली असते, म्हणून १९ हे उत्तर झटकन लिहिले जाते. बरोबर उत्तर ११ आहे, आणि ते काढण्यासाठी आधी त्या बेरजेच्या ओढीला थांबवावे लागते. ५२ वजा ३८ चे उत्तर २६ लिहिणारे मूलही असेच असू शकते. एकम स्थानी २ मधून ८ जात नाहीत, म्हणून ते ८ मधून २ वजा करून मोकळे होते. पण इथे घाई करू नये, कारण हीच चूक हातच्याची संकल्पना कच्ची असल्यामुळेही होते. फरक ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. तेच एक गणित दुसऱ्या कागदावर, वेळेचे बंधन न ठेवता द्यावे आणि ‘सुरू करण्याआधी मला सांग, तू काय करणार आहेस’ असे म्हणावे. बोलून दाखवल्यावर गणित बरोबर येत असेल तर संकल्पना आहे आणि आवर कमी पडतो आहे. तरीही २६ च येत असेल तर शिकवण्याची गरज आहे. अशा मुलांची वर्गातील इतर लक्षणे शिक्षकांना चटकन दिसतात: प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे, सूचना अर्धी ऐकून लिहायला लागणे, शेजारच्याच्या वहीत काय चालले आहे ते पाहिल्याशिवाय न राहणे.

लवचिकतेची अडचण मात्र शांत मुलांमध्ये वर्षानुवर्षे लपून राहते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगते. माझ्याकडे आलेल्या पाचवीतील एका मुलीचे उदाहरण देते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ‘गणितात लक्ष नाही’ अशी तिच्याविषयी तक्रार होती. तिच्या वहीत २० गणितांचा एक सराव होता. पहिली सहा बेरजेची, नंतरची चार वजाबाकीची आणि उरलेली दहा मिसळलेली. तिची सात गणिते चुकली होती. पहिल्या सहांत एकही चूक नव्हती. सातव्या आणि आठव्या गणितात वजाबाकीचे चिन्ह असताना तिने बेरीज केली होती, नववे आणि दहावे बरोबर होते. मिसळलेल्या दहांत पाच चुका होत्या, आणि त्या पाचही चुका चिन्ह जिथे बदलले त्याच्या लगेच पुढच्या गणितात होत्या. दोन्ही क्रियांची स्वतंत्र पाने दिली तेव्हा तिने ती पूर्ण बरोबर सोडवली. म्हणजे बेरीज येत होती, वजाबाकी येत होती, आणि एका क्रियेतून दुसरीत जाणे अडत होते. आवरची अडचण असती तर चुका बदलाच्या जागी न साचता पानभर विखुरल्या असत्या आणि पानाच्या शेवटी, कंटाळा आल्यावर, वाढल्या असत्या.

हे कळल्यावर तिच्या इतर तक्रारींचाही अर्थ लागला. क्लासमध्ये भागाकाराची मांडणी वेगळी शिकवल्यावर ती रडली होती. चित्रकलेच्या तासाला अचानक गणित घेतले की पुढचा अर्धा तास ती काहीच लिहीत नसे. मराठीत ‘तुमच्या शब्दांत लिहा’ म्हटले की पाठातील वाक्येच उतरवत असे. तिच्यासाठी आम्ही दोनच गोष्टी केल्या. प्रत्येक ओळ सोडवण्याआधी त्या ओळीतील सगळ्या चिन्हांभोवती रंगीत पेन्सिलने गोल करायचा आणि वजाबाकीचा रंग वेगळा ठेवायचा. आणि वर्गात बदल होणार असेल तर बाईंनी तो पाच मिनिटे आधी तिच्या बाकाजवळ जाऊन सांगायचा. पुढच्या तशाच २० गणितांत तिची एक चूक झाली. काही आठवड्यांनी रंग काढून फक्त गोल ठेवला, नंतर फक्त पहिल्या ओळीला गोल ठेवला. इथे एक मर्यादा सांगायला हवी. या उपायाने तिची गणिते सुधारली, पण निबंधातील अडचण आपोआप सुटली नाही. तिच्यासाठी वेगळा उपाय करावा लागला. कार्यकारी क्षमतांच्या बाबतीत एका कामातील सवय दुसऱ्या कामात सहसा स्वतःहून जात नाही.

आपल्या मुलाचे वर्णन वाचून मला नियोजनाची आणि कार्यरत स्मृतीची शक्यता अधिक वाटते, पण ती पारखून घ्यायला हवी. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका समोर घ्या. शेवटचे प्रश्न कोरे आहेत, तर पहिल्या प्रश्नांची उत्तरे किती लांब आहेत? दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धे पान आणि त्यानंतर हळूहळू आखूड होत गेलेली उत्तरे असतील, तर त्याने वेळेची वाटणी केलेली नाही. सगळी उत्तरे सारख्याच लांबीची, सुबक आहेत आणि तरी शेवट कोरा आहे, तर लिहिण्याचा वेग कमी असण्याची शक्यता आहे, आणि तो वेगळा प्रश्न आहे. मध्ये मध्ये अर्धी सोडलेली वाक्ये असतील तर लक्ष तुटत होते. नियोजनाच्या अडचणीच्या खुणा वहीच्या पानावरही दिसतात: तक्त्याचा पहिला रकाना इतका रुंद की शेवटच्याला जागाच नाही, आकृती पानाच्या तळाशी सुरू केलेली, निबंधाची प्रस्तावना दहा ओळींची आणि बाकी सगळे तीन ओळींत.

फळ्यावरून उतरवतानाही पाहण्यासारखे असते. या वयाची बहुतेक मुले एकदा पाहून दोन-तीन शब्दांचा तुकडा मनात धरतात आणि लिहितात. एकेक अक्षर किंवा अर्धा शब्द लिहून पुन्हा मान वर करणारे मूल, सगळे येत असूनही, फळा पुसला जाईपर्यंत मागेच राहते. याची कारणे कार्यरत स्मृती, कमकुवत वाचन किंवा दूरचे अंधूक दिसणे यांपैकी काहीही असू शकते. तोच मजकूर पुस्तकातून उतरवायला सांगितल्यावर वेग नेहमीसारखा झाला तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

यापुढची पायरी म्हणून दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. रोज एकच काम निवडा आणि तीन गोष्टी लिहा: काम कधी सुरू झाले, कुठे थांबले, आणि आपण काय म्हटल्यावर पुन्हा सुरू झाले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ‘आता पुढे काय करायचे होते?’ एवढ्या प्रश्नाने गाडी सुरू होत असेल तर पायऱ्या मनात धरणे किंवा त्यांचा क्रम लावणे अडते आहे. ‘थांब, प्रश्न पुन्हा वाच’ म्हटल्यावर चूक स्वतःच सापडत असेल तर आवर कमी पडतो आहे. ‘आता हे वेगळ्या पद्धतीचे आहे’ असे सांगावे लागत असेल तर लवचिकतेकडे पाहावे. यांपैकी कशानेच काम पुढे जात नसेल आणि तो भाग पुन्हा शिकवावाच लागत असेल, तर प्रश्न कार्यकारी क्षमतांचा नसून त्या विषयातील कच्चेपणाचा किंवा अध्ययन अक्षमतेचा असू शकतो, आणि त्याची तपासणी वेगळी असते. बरीच मुले एकाहून अधिक गटांत बसतात, पण एक गट बहुधा ठळक दिसतो.

याच काळात काही शारीरिक कारणे दूर करून घ्यावीत, कारण त्यांची लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात. सहा ते बारा वयाच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. सकाळच्या शाळेसाठी सहाला उठणारे आणि रात्री अकराला झोपणारे मूल ती कधीच पुरी करत नाही. रोज घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. रक्तातील लोहाची कमतरता तपासावी. मूल बोलता बोलता किंवा लिहिता लिहिता काही सेकंद एकदम थिजते, हाक मारली तरी भानावर येत नाही, मग काही झालेच नाही असे पुढे चालू करते, आणि हे दिवसातून अनेकदा होते, असे दिसले तर ते स्वप्नाळूपणा समजू नये. फिट्सचा एक प्रकार असाच दिसतो. असे असेल तर दोन आठवड्यांच्या नोंदीसाठी थांबू नका, बालमेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा. आणि आधी व्यवस्थित असणारे मूल काही आठवड्यांत एकदम बदलले असेल, तर नव्या शाळेत कोणी त्रास देते आहे का, त्याला उदास किंवा भीती वाटते आहे का, हे आधी विचारावे. काळजीत असलेल्या मुलाची कार्यरत स्मृती त्या काळजीनेच भरलेली असते.

तज्ज्ञांकडे कधी जावे? नोंदींत एकच नमुना पुन्हा पुन्हा दिसतो, तो शाळेत आणि घरी दोन्हीकडे आहे, सुमारे सहा महिने टिकला आहे आणि वर्गातील इतर मुलांपेक्षा तो स्पष्टपणे वेगळा आहे, असे असेल तर तपासणी लांबवू नये. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता, हिच्या निदानासाठीही मानसिक विकारांचे निकष देणाऱ्या डीएसएम-५ या ग्रंथामध्ये सहा महिन्यांचा कालावधी, दोन किंवा अधिक ठिकाणी लक्षणे आणि त्यांतील काही लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून असणे, अशा अटी आहेत. मात्र एडीएचडी आणि कार्यकारी क्षमतांची अडचण या एकच गोष्टी नव्हेत. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना कार्यकारी क्षमतांच्या चाचण्यांत चांगले गुण मिळतात, आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मुदतीपूर्वी जन्म अशा पार्श्वभूमीच्या मुलांतही या अडचणी आढळतात.

चाचण्यांविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तिच्यामुळे पालकांचा फार गोंधळ होतो. तपासणीत साधारणपणे दोन प्रकारची साधने असतात. एका प्रकारात मूल प्रत्यक्ष काम करते, जसे ठरावीक कमीत कमी चालींत मणी एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेऊन दिलेली रचना तयार करणे. दुसऱ्या प्रकारात पालक आणि शिक्षक मुलाच्या रोजच्या वागण्याविषयी प्रश्नावली भरतात. या दोन्हींचे निष्कर्ष एकमेकांशी फार थोडे जुळतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात दिसून आले. मला यात नवल वाटत नाही. तपासणीच्या शांत खोलीत समोर एकच माणूस असतो, काम एकच असते, सुरू कधी करायचे आणि नियम काय हे तो माणूस सांगतो. म्हणजे मुलाला जे जमत नाही, त्याचा अर्धा भाग तिथे त्याच्यासाठी कोणीतरी केलेला असतो. म्हणून चाचणी ‘सामान्य’ आली याचा अर्थ शाळेतील अडचण खोटी आहे, असा घेऊ नये. उलट, एका चाचणीत गुण कमी आले एवढ्यावर कोणी निदान करत असेल तर तेही मान्य करू नये.

मदतीचे तत्त्व असे की जी गोष्ट मुलाच्या मनात टिकत नाही ती बाहेर, जिथे ती लागते नेमक्या त्या जागी आणि त्या क्षणी असावी. रात्री समजावून सांगितलेले दुसऱ्या दिवशी शाळा सुटतानाच्या गडबडीत उपयोगी पडत नाही. आपल्या मुलाच्या डायरीपुरते बोलायचे तर वर्गशिक्षिकांना एकच विनंती करा: गृहपाठ तासिकेच्या शेवटी तोंडी न सांगता तासिकेच्या सुरुवातीला फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा. याचा फायदा वर्गातील इतर मुलांनाही होतो, त्यामुळे ही विनंती मान्य होण्याची शक्यता जास्त असते. मुलाबरोबर ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ अशा घडणीचे एकच वाक्य ठरवा: ‘शेवटची घंटा झाली की आधी डायरी उघडायची, मग दप्तर भरायचे.’ ‘डायरी लिहीत जा’ या उपदेशापेक्षा असे वाक्य अधिक उपयोगी पडते, कारण त्यात आठवण करून देणारी खूण घंटा असते, स्मृती नव्हे. हे वाक्य त्याने स्वतः मोठ्याने म्हणावे आणि घरी दप्तर भरून दोन-तीनदा करूनही पाहावे.

उत्तरपत्रिकेसाठी पहिली दोन मिनिटे वेगळी काढा. त्या वेळेत प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने मिनिटे लिहायची. २० गुणांच्या पेपरला ४० मिनिटे असतील तर गुणाला दोन मिनिटे येतात, पण सुरुवातीची दोन आणि तपासायला चार मिनिटे काढली तर ३४ उरतात, म्हणजे दोन गुणांच्या प्रश्नाला साडेतीन मिनिटांच्या आत थांबायचे. हे गणित आधी आपण करून दाखवायचे, मग दोघांनी मिळून करायचे, मग त्याने करायचे आणि आपण फक्त पाहायचे. सराव घरी जुन्या प्रश्नपत्रिकेवर, घड्याळ समोर ठेवून करावा.

यात बहुतेक घरी एक गोष्ट बिघडते. दोन आठवडे यादी चालते, वही पूर्ण होऊ लागते, आणि ‘आता जमले’ म्हणून यादी काढली जाते. आठवड्यात सगळे पूर्ववत होते आणि मुलाने मुद्दाम केले असा अर्थ काढला जातो. आधार काढायचा तो एकेक पायरीने: आधी यादीतील सर्वांत पक्की पायरी वगळावी, आठवडाभर पाहावे, घसरण झाली तर ती न रागावता परत लावावी. काही मुलांना यादी सातवी-आठवीपर्यंत लागते, आणि त्यात काही वावगे नाही.

संगणकावरील स्मृतीच्या खेळांविषयी पालक नेहमी विचारतात. अशा सरावाने मुले त्या खेळात आणि त्याच्यासारख्या कामांत सुधारतात, पण वाचन, गणित किंवा वर्गातील वागणे यांत ती सुधारणा उतरते असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाने चालणाऱ्या वर्गांना तर काहीच शास्त्रीय आधार नाही, त्यावर पैसे घालवू नयेत. अपूर्ण वहीची शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घेऊ नये, असेही मी शाळांना आवर्जून सांगते. आवर घालण्यात मागे असलेल्या मुलाला धावण्याची संधी काढून घेतली की पुढच्या दोन तासिका त्याला आणखी जड जातात.

दोन आठवड्यांच्या नोंदी आणि दोन-तीन महिन्यांच्या मदतीनंतरही फरक नसेल तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची वेळ घ्या. जाताना प्रगतिपुस्तकाबरोबर नोंदींचा कागद, घटक चाचणीच्या मूळ उत्तरपत्रिका आणि दोन-तीन विषयांच्या वर्गातील वह्या न्या. चौथीच्या वह्या जपून ठेवल्या असतील तर त्याही न्या, कारण अडचण आधीपासून होती की पाचवीत सुरू झाली, हे त्यांतूनच कळते. घरी बसवून पूर्ण करून घेतलेली सुबक वही नेऊ नका. खोडलेली, अर्धी सोडलेली, तारीख नसलेली पानेच तपासणाऱ्याला हवी असतात. आणि अहवाल मिळाला की त्यात ‘कोणत्या प्रकारच्या कामात, कोणत्या पायरीवर अडते आणि कोणत्या मदतीने पुढे जाते’ हे लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर ते लिहून मागा, कारण वर्गशिक्षिकांना त्या अहवालातील तेवढाच भाग दुसऱ्या दिवशी वापरता येतो.